जादूचे नियम, सूर्य आणि जयद्रथ: एका प्रतिक्रियेला उत्तर

कथेतल्या जादूला नियम असले तरच ताण निर्माण होतो, अशा आशयाच्या माझ्या लेखावर वाचकाची प्रतिक्रिया: "लेख पटला नाही. नियम लावले की जादू मरते, उरतं ते व्हिडिओ गेमचं मॅन्युअल. गँडाल्फच्या जादूला कुठे आहेत नियम? आणि आपल्या महाभारतात तर चमत्कारांवर चमत्कार आहेत, तरी आपण श्वास रोखून वाचतोच ना! नियमांशिवाय ताण नाही, हे परदेशी लेखन-कार्यशाळांमधून उचललेलं वाटतं."

उत्तर:

महाभारत तुम्ही काढलंतच आहे, तर युद्धाच्या चौदाव्या दिवसाबद्दलच बोलू. तो दिवस आणि त्याला जोडून आलेली रात्र यांत दैवी शक्ती तीन तऱ्हांनी वापरली गेली आहे, आणि प्रत्येक वेळी वाचकाच्या मनात वेगळं काहीतरी घडतं.

आधी सूर्य. अर्जुनाची प्रतिज्ञा अशी की सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. द्रोणांनी जयद्रथाला व्यूहाच्या पार मागच्या टोकाला ठेवलेलं. म्हणजे दिवसभराचा ताण दोनच मापांत मोजता येतो: किती अंतर कापायचं राहिलं आणि सूर्य किती वर आहे. मध्येच घोडे थकतात, तहानतात, बाण लागून जखमी होतात. ते सोडून त्यांना पाणी पाजावं लागतं, आणि तेवढा वेळ हातातून जातो. यात जादू फारशी नाहीच. मग प्रचलित कथेत कृष्ण सूर्य झाकतो. ही सॉफ्ट जादू: कृष्ण असं करू शकतो हे आधी कोणी सांगितलेलं नाही, आणि याची मर्यादा काय हेही कळत नाही. तरी ती खपते, कारण ती जयद्रथाला मारत नाही. ती फक्त त्याला गाफील करते. तो निर्धास्त होऊन पुढे येतो, ही त्याची स्वतःची चूक. "हा सूर्य आणि हा जयद्रथ" म्हटल्यावरही बाण अर्जुनालाच सोडायचा असतो.

त्याच क्षणी दुसरी गोष्ट येते. जयद्रथाच्या बापाचा वर: जो याचं मस्तक जमिनीवर पाडेल त्याच्या मस्तकाची शंभर शकलं होतील. म्हणून अर्जुन ते मस्तक बाणांनी उडवत नेऊन ध्यानस्थ बापाच्याच मांडीवर टाकतो, आणि बाप उठताना ते खाली पडतं. हा नियम अगदी काटेकोर आहे, पळवाटसुद्धा त्यातूनच निघते. पण कृष्ण तो अर्जुनाला सांगतो ऐन वेळी. वाचक "वा!" म्हणतो, पण दिवसभर तो या गोष्टीची काळजी करत नव्हता, त्याला ती माहीतच नव्हती. उशिरा सांगितलेल्या नियमातून धक्का मिळतो, ताण मिळत नाही. हार्ड मॅजिक, म्हणजे पक्क्या नियमांची जादू, लिहायला बसलेल्यांची सर्वात जास्त फसगत इथेच होते: नियम पक्का केलेला असतो, पण तो वहीत असतो, वाचकाजवळ नसतो.

तिसरी गोष्ट रात्रीची. इंद्राने कवचकुंडलांच्या बदल्यात कर्णाला दिलेली शक्ती एकदाच चालणार, एकालाच मारणार आणि इंद्राकडे परत जाणार. हे वाचकाला वनपर्वात कळलेलं आहे, युद्धाच्या कितीतरी आधी. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आहे हेही माहीत आहे. त्यामुळे घटोत्कच रात्रीच्या अंधारात कौरवसेना झोडपायला लागतो तेव्हा वाचकापुढे सरळ हिशेब उभा राहतो. शक्ती वापरली तर सेना वाचेल पण अर्जुन सुटेल. नाही वापरली तर अर्जुनाशी लढायला सेनाच उरणार नाही. भोवतीचे कौरव ओरडत असतात, टाक म्हणून. कर्ण टाकतो. घटोत्कच पडतो, पांडव रडतात, आणि कृष्ण आनंदाने नाचतो. त्या नाचाचा अर्थ लागायला वाचकाला वनपर्वातला तो नियम आठवावा लागतो. ही हार्ड मॅजिक आहे, आणि तिला व्हिडिओ गेमचं मॅन्युअल कुणी म्हणणार नाही. एक वाक्याचा नियम, एकदाच वापर, आणि त्यासाठी मोजावी लागलेली किंमत. बस्स.

पक्क्या नियमाचा त्रासही इथेच दिसतो. भीष्म पडल्यावर, अकराव्या दिवसापासून कर्ण रणात आहे. मग त्याने ती शक्ती अर्जुनावर आधीच का टाकली नाही? धृतराष्ट्र संजयाला हेच विचारतो, सात्यकी कृष्णाला विचारतो. कृष्णाचं उत्तर: मीच त्याला मोहात पाडत होतो. म्हणजे कडक नियमाने पाडलेलं भोक सॉफ्ट जादूने बुजवलं. एकदा नियम सांगितला की वाचक प्रत्येक प्रसंगी तो लावून बघतो, आणि लेखकाला त्याच्या पुढे राहावं लागतं.

गँडाल्फबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण टॉल्किन 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये या जादूगाराची जादू कुठे वापरतो ते पाहा. काराध्रास डोंगराच्या बर्फात लाकडं पेटेनात, तेव्हा गँडाल्फ काठी टेकवून मंत्राने आग लावतो, आणि लगेच म्हणतो की आता पाहणाऱ्या कुणालाही मी इथे आहे हे कळलं असेल. जीव वाचतो, ठावठिकाणा उघड होतो. खझाद-दूमच्या पुलावर तो बाल्रोग या अग्निराक्षसाला अडवतो आणि स्वतःच खाली जातो. पुढची वाट मंडळींना त्याच्याशिवाय काढावी लागते. त्याच्यात अजून किती शक्ती शिल्लक आहे हा प्रश्न वाचक विचारतच नाही, कारण कथेचा मूळ प्रश्न वेगळा आहे: दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो तिच्या मोहापुढे टिकेल का? त्याचं उत्तर कोणताही मंत्र देत नाही. गरुड फ्रोडो आणि सॅमला उचलायला येतात ते अंगठी नष्ट झाल्यावर. तेच गरुड शंभर पानं आधी येऊन अंगठी डोंगरात टाकून गेले असते, तर पुस्तक तिथेच कोसळलं असतं.

तेव्हा माझा दावा तुम्ही लिहिलात तितका सरसकट नाही. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने 2007 साली मांडलेला नियमही एवढंच म्हणतो की वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितक्याच प्रमाणात तिने पेच सोडवलेला पटतो. पेच उभा करायला, वाढवायला, वातावरणात भीती भरायला जादू न समजलेलीच बरी. हे तपासायची एक रीत आहे. कथेचा शेवट घ्या आणि तो ज्या ज्या जादुई गोष्टींवर उभा आहे त्यांची यादी करा. प्रत्येकीसमोर वाचकाला ती पहिल्यांदा कळली तो पान क्रमांक लिहा. जी शेवटाच्याच प्रकरणात पहिल्यांदा येते ती जयद्रथाच्या बापाच्या वरासारखी. तिला मागे न्या, आणि जमलं तर कमी जोखमीच्या प्रसंगात एकदा चालताना दाखवा. मागे नेता येत नसेल, तर तिच्याकडून मुख्य गाठ सोडवून घेऊ नका. ती काय बिघडवते ते बघा.

दोन्ही मिसळताना काय होतं हे सँडरसनच्याच 2006 च्या 'मिस्टबॉर्न' कादंबरीत दिसतं (ज्यांना ते वाचायचं आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा). सम्राट अमर का आहे हे नायिका व्हिन ओळखते ते तिचा सोबती साझेद याने आधी समजावलेल्या धातूत गुण साठवण्याच्या विद्येवरून. ते कोडं वाचकालाही सुटण्यासारखं आहे. पण हे गुण साठवलेल्या सम्राटाच्या बांगड्या त्याच्या त्वचेत रुतलेल्या आहेत, आणि शरीरात रुतलेला धातू जादूने ओढता येत नाही हेही पुस्तकाने आधीच सांगितलं आहे. तो ओढण्याचं बळ तिला धुक्यातून मिळतं, आणि धुकं म्हणजे नेमकं काय हे तिसऱ्या भागापर्यंत उलगडत नाही. ओळखण्याचा भाग मला चोख वाटतो, ओढण्याचा उसना. याबाबतीत तुमचं मत वेगळं असेल तर मला ते वाचायला आवडेल, कारण धुक्याचे इशारे पहिल्या भागातही आहेत, आणि ते पुरेसे होते असं म्हणणाऱ्यांकडेही मुद्दा आहे.