आत्या आली, आलं आलं

आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दोन गोष्टी हमखास येतात, एक लाईट जाणं आणि दुसरी आमची आत्या. यंदा ती पिशवीत दीड किलो आलं घेऊनच उतरली. "बाजारातलं आलं म्हणजे नुसतं पाणी रे, हे परसातलं आहे, झोंबतं." झोंबतं हे खरं होतं, ते कुठे कुठे झोंबेल ते तेव्हा कळलं नव्हतं.

पहाटे आल्याच्या चहाचा एक कप, नाश्त्याला एक, अकराला पागोळ्या बघत एक, जेवल्यावर, चारला, दिवेलागणीला आणि झोपताना "घसा मोकळा राहतो" म्हणून एक. सात कप. नको म्हटलं तर आत्याचा चेहरा असा होतो की वाटावं आपण तिचा नाही, अख्ख्या घराण्याचा अपमान केला. त्यात मला जरा खोकला आला की संध्याकाळी अर्धा चमचा सुंठ मधात, तेही उभ्या उभ्या.

पाचव्या दिवशी रात्री अकराला छातीत अशी जळजळ की मी उठून बसलो. आडवा झालो की आंबट पाणी घशाशी, बसलो की बरं. सकाळी आत्याला सांगितलं तर तिने चहात आलं वाढवलं, "पित्तावर आलं रामबाण." गंमत म्हणजे मळमळ होत असेल तर आल्याने खरंच बरं वाटतं, म्हणूनच हा घोळ होतो. पण जास्त झालं की तेच आलं अन्ननलिकेच्या खालची झडप सैल सोडतं आणि पोटातलं आम्ल वर चढतं, त्यात दुधाचा कडक चहा आणि लगेच आडवं होणं, म्हणजे तिघांनी मिळून माझा गळा धरला होता. झोपायच्या आधीचा कप बंद केला, शेवटचा कप अंथरुणाच्या तीन तास आधी, आणि दुसऱ्याच रात्री निम्मी जळजळ गेली.

पण किती म्हणजे जास्त? ते मोजायला मी शेजारच्या सोनारदादाचा काटा मागितला, त्याला वाटलं आईची पाटली मोडतोय. आत्या एका कपाला ठेचते तो तुकडा भरला चार ग्रॅम. सात कप म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम ओलं आलं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण चार ग्रॅम सुंठ ही वरची हद्द धरतात, आणि ओल्या आल्यात बहुतेक पाणीच असतं, वाळवलं तर पाचवा हिस्सा उरेल. म्हणजे साडेपाच ग्रॅम तिथेच, वर अर्ध्या चमचा सुंठीचा एक ग्रॅम. चहात सगळा अर्क उतरत नाही हे मान्य, चोथा गाळणीत जातो, पण सुंठ तर आपण अख्खी गिळतो ना. दोन-तीन कप ठीक होते.

माझं ते जळजळीवर निभावलं, पण अण्णांचं तसं नव्हतं. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप, रक्त पातळ करायची गोळी रोज संध्याकाळी, आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला महिन्याला आयएनआरची टेस्ट, तो आकडा डॉक्टरांनी अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलेलं. त्या आठवड्यात दात घासताना थुंकीत लाल दिसलं, दंडावर कुठे आपटल्याशिवाय निळा डाग. अण्णा म्हणाले गोळीच बंद करतो. म्हटलं अजिबात नाही, झडपेवर गुठळी धरली तर? तसेच रिक्षात घातले. आयएनआर चार पॉइंट सहा.

डॉक्टरांनी आधी विचारलं, नवीन गोळी, अँटिबायोटिक, पेनकिलर? काही नाही. मग नवीन काय खाता? मी आत्याकडे बघितलं, आत्या छताकडे. डॉक्टर म्हणाले, "आल्यानेच झालं असं मी छातीठोक नाही सांगणार. निरोगी माणसांवर तपासलं तेव्हा फरक दिसला नव्हता. पण अशा गोळ्यांवरच्या पेशंटचा आयएनआर आलं-सुंठ भरपूर घेतल्यावर वर गेल्याच्या केसेस आहेत. आलं तसंही प्लेटलेट्सना थोडं सुस्त करतं, आणि ते आयएनआरमध्ये दिसत नाही. भाजीतलं चालेल, रोज एक साधा कप चालेल, पण आज सात आणि उद्या शून्य हे नको. सुंठीच्या कॅप्सूल तर नकोच. आणि शौचाला काळं झालं, लघवी लाल दिसली किंवा डोक्याला मार लागला तर थांबायचं नाही, थेट यायचं." एक दिवसाची गोळी त्यांनी थांबवली, पुढचा डोस लिहून दिला. आठवड्याने रिपोर्ट तीन पॉइंट एक.

त्या दुसऱ्या खेपेला डॉक्टर खोकत होते, पावसाने घसा बसलेला. आत्या इतका वेळ गप्प होती. मग पिशवीत हात घालून पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही कुठली रक्ताची गोळी घेत नाही ना?"