‘पावणे’ गळलं तर? यूडीपीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

यूडीपी आणि टीसीपी या इंटरनेटवरून माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटं, पाठवायच्या दोन पद्धती. टीसीपीत हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, यूडीपीत नाही. यूडीपीवरच्या माझ्या लेखावर एका काकांनी लिहिलं:

> “यूडीपी ‘वेगवान’ आहे म्हणून कॉलला वापरतात, असं तुम्ही लिहिलंत. तार तीच, टॉवर तोच, मग याचं पॅकेट जास्त जोरात धावतं कसं? वर ते पोचेल याची हमी नाही, आणि हे तुम्ही गुण म्हणून सांगता! हर्णैच्या बंदरावरून भाचा मला लिलावाचा आकडा फोनवर कळवतो. ‘पावणेपाच हजार’मधलं ‘पावणे’ गळलं तर अडीचशे रुपयांचा फटका मला बसतो, लेख लिहिणाऱ्याला नाही. टीसीपीत हरवलेलं पॅकेट परत येतं ना? मग कॉल त्यावरच चालवा. नातू सांगतो, त्याचा गेमही यूडीपीवरच. सगळ्यांनी मिळून स्वस्तातला माल उचललेला दिसतो.”

काका, पहिल्या मुद्द्यावर मी हरलो. ‘वेगवान’ हा शब्द आळसाने लिहिला गेला, तो काढून टाकला आहे. दोन्ही प्रकारची पॅकेटं एकाच टॉवरवरून, एकाच फायबरमधून, एकाच वेगाने येतात. फरक पडतो तो ती तुमच्या फोनपर्यंत येऊन पोचल्यावर, आणि माझ्या लेखात नेमकं तेच राहून गेलं होतं.

आता ‘पावणे’कडे वळू. भाचा बोलतो तेव्हा त्याचा फोन आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, म्हणजे सेकंदाला 50, आणि एकेक तुकडा एकेका पॅकेटात घालून पाठवतो. हर्णैहून तुमच्यापर्यंत यायला प्रत्येकाला 40 मिलिसेकंद लागतात असं धरू. काही पॅकेटं थोडी रेंगाळतात, म्हणून तुमचा फोन आलेला तुकडा लगेच वाजवत नाही. तो थोडा वेळ राखून ठेवतो, आपण 60 मिलिसेकंद धरू. या साठ्याला जिटर बफर म्हणतात. म्हणजे भाच्याकडून निघालेला तुकडा बरोबर 100 मिलिसेकंदांनी तुमच्या कानाशी वाजायला हवा.

समजा 101 नंबरचा तुकडा वाटेत गळला, आणि कॉल तुम्ही म्हणता तसा टीसीपीवर आहे. 101 निघाला ती वेळ शून्य. 102, 103 आणि 104 हे 20, 40 आणि 60 मिलिसेकंदांना निघाले आणि नीट पोचले. काहीतरी हरवलंय हे भाच्याच्या फोनला आपोआप कळत नाही. तुमच्या फोनने पाठीमागच्या प्रत्येक तुकड्याच्या पोचपावतीत ‘मला अजून 101 च हवाय’ असं तीनदा सांगितलं, की मग तो पुन्हा पाठवतो. तिसरी अशी पावती निघते ती 104 पोचल्यावर, म्हणजे 100 ला. ती भाच्याकडे जाते 140 ला. पुन्हा पाठवलेला 101 तुमच्याकडे येतो 180 ला.

आणि तो वाजायला हवा होता 100 ला. तो तर गेलाच, पण खरं नुकसान पुढे आहे. 102 तुमच्या फोनमध्ये केव्हाच, 60 ला, येऊन बसलाय. त्याची वाजायची वेळ 120. टीसीपी तो कॉलच्या अ‍ॅपच्या हाती देत नाही, कारण सगळं क्रमाने देईन हाही त्याचा शब्द आहे आणि 101 आल्याशिवाय क्रम लागत नाही. तसाच 103 अडकतो, 104 अडकतो. 180 ला दार उघडतं तेव्हा चारही तुकड्यांची वेळ टळून गेलेली असते. हरवला एक, वाया गेले चार. 20 मिलिसेकंदांचं भोक होतं, हमीने त्याचं 80 केलं.

अ‍ॅपपुढे मग दोनच वाटा उरतात. हे चार तुकडे फेकून द्यायचे, म्हणजे पुन्हा पाठवण्याचा खटाटोप फुकट. नाहीतर ते उशिरा वाजवायचे, म्हणजे तिथून पुढचा सगळा कॉल तेवढा मागे पडला. पुढचं पॅकेट गळलं की आणखी मागे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.114 शिफारशीत एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत ठेवा, 400 च्या वर जाऊ देऊ नका, असं आहे. त्यापुढे दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात, मग पुन्हा दोघंही सुरू होतात. लिलावाच्या गलक्यात हे किती चालेल ते तुम्हीच सांगा. पुन्हा पाठवलेलं पॅकेटही गळलं तर घड्याळ लावून वाट पाहायची पाळी येते. लिनक्समध्ये ही वाट कमीत कमी 200 मिलिसेकंदांची असते आणि दर फसलेल्या खेपेला दुप्पट होते. आषाढात रेंज लपंडाव खेळते तेव्हा ती एका खेपेवर थांबत नाही.

यूडीपीवर तोच 101 गळला तर 102 आल्याबरोबर अ‍ॅपच्या हाती पडतो आणि आपल्या वेळेला वाजतो. राहिलं 20 मिलिसेकंदांचं भोक. ‘पावणे’ म्हणायला माणसाला अंदाजे 300 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 15 पॅकेटं. एक पॅकेट गळून अख्खं ‘पावणे’ जात नाही. पुरुषाच्या आवाजाची लहर 20 मिलिसेकंदांत साधारण दोन-अडीच फेरे घेते, त्यामुळे फोन आधीच्या तुकड्यातली लहर तशीच पुढे ओढतो आणि ‘पा’मधला ‘आ’ होता तसा चालू राहतो. कानाला पत्ता लागत नाही. फसतं कुठे, तर नेमका ‘प’ किंवा ‘च’ त्या तुकड्यात सापडला तर. ओठ किंवा जीभ सुटतानाचा तो फटकारा इतका आखूड असतो की तो आधीच्या आवाजावरून घडवता येत नाही. मग ‘पाच’चं ‘आच’ ऐकू येतं. यावर ओपस नावाच्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आटवून पॅकेटात बसवणाऱ्या पद्धतीत, एक सोय आहे. गरज वाटली तर पुढच्या पॅकेटात आधीच्या तुकड्याची एक हलक्या दर्जाची प्रत घालून पाठवता येते. म्हणजे 102 आला की त्यातून 101 निघतो, कुणाकडे परत मागायला न जाता.

अर्थात या थिगळालाही मर्यादा आहे. जी.711 या जुन्या कोडेकच्या परिशिष्टात जी पद्धत दिलीय, ती ओढलेला आवाज हळूहळू बारीक करत नेते आणि 60 मिलिसेकंदांनी गप्प होते. सलग 15 पॅकेटं गेली तर ‘पावणे’ खरोखरच गेलं. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे, यूडीपी ते आणून देणार नाही. टीसीपी आणून देईल, पण सेकंदभर अडवलेल्या बाकीच्या वाक्यासकट, आणि तोवर बोली पुढे सरकलेली असेल.

खरं तर यावरचा उपाय तुम्ही रोज करताच. ‘काय रे, पावणेपाच ना?’ असं तुम्ही विचारता. हेही पुन्हा मागवणंच आहे, फक्त आकड्यासाठी तुम्ही विचारता आणि ‘ऐक ना’, ‘बघ’, ‘म्हणजे’ गळलं तर विचारत नाही. कुठला तुकडा मोलाचा हे टीसीपीला कळत नाही, तो सगळ्यांसाठी सारखाच अडून बसतो. आणि आकडा चुकणं परवडणारच नसेल तर भाच्याला 4750 असा मेसेज करायला सांगा, किंवा व्हॉइस नोट. मेसेजला दोन सेकंद उशीर चालतो, त्यामुळे तिथे हमीची पद्धत वापरतात आणि ती शोभतेही. एकाच फोनवर दोन्ही सोयी आहेत.

‘स्वस्तातला माल’ मात्र मान्य नाही. इतिहास उलटा आहे. 1970 च्या दशकातल्या मूळ टीसीपीत हमी सगळ्यांनाच सक्तीची होती, आणि पत्ता पाहून पॅकेट पुढे नेणारं आयपी त्याच्याच पोटात होतं. 1974 पासून अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरून आवाज पाठवण्याचे प्रयोग करणाऱ्या डॅनी कोहेन यांच्यासारख्यांनी तक्रार केली की उशिरा आलेला आवाज आमच्या काही कामाचा नाही, आम्हाला ही सक्ती नको. 1978 मध्ये टीसीपी आणि आयपी वेगळे झाले, त्यामागे हे मोठं कारण होतं. यूडीपी आलं 1980 मध्ये. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला तो दस्तऐवज, आरएफसी 768, अवघ्या तीन पानांचा आहे. यूडीपीच्या प्रत्येक पॅकेटाचं हेडर, म्हणजे सुरुवातीची नोंद, 8 बाइटचं: कुठून, कुठे, किती लांब, आणि वाटेत काही बिघडलं का ते तपासणारा एक आकडा. क्रमांक आणि वेळ त्याच्या आत आरटीपी हा आवाजासाठीचा वेगळा प्रोटोकॉल घालतो, म्हणून तर 101 गळला हे फोनला कळतं. कळतं सगळं, फक्त त्यासाठी अडून बसायचं नाही एवढंच ठरलंय.

पुन्हा पाठवण्यावर माझा राग नाही, हेही सांगतो. 4जीमध्ये फोन आणि टॉवर यांच्यामधल्या टप्प्यात बिघडलेला तुकडा सुमारे 8 मिलिसेकंदांत पुन्हा पाठवला जातो, आणि तुमच्या कॉललाही त्याचा फायदा होतो. वेळेत येत असेल तर हवाच आहे.

नातवाच्या गेमचं थोडक्यात. बहुतेक मारधाडीच्या गेममध्ये सर्व्हर सेकंदाला वीस-तीस किंवा जास्त वेळा ‘कोण कुठे उभा आहे’ हे पाठवतो. एक पॅकेट गळलं तरी पुढच्यात ताजी जागा असतेच, जुनी मागून करायचंय काय? पण ‘गोळी लागली’, ‘दार उघडलं’ या गोष्टी एकदाच घडतात. त्या पोचल्याची खूण येईपर्यंत गेम स्वतःच पुन्हा पुन्हा पाठवतो. सगळ्यांना एकच हमी लावण्याऐवजी जिला गरज तिलाच, असा हा हिशेब आहे. पत्ते किंवा बुद्धिबळ असेल तर टीसीपी खुशाल चालतं, तिथे चाल गळून कसं भागेल!

शेवटी, टीसीपीवरचा कॉल कसा असतो हे बघायचं असेल तर तेही शक्य आहे. काही ठिकाणच्या वाय-फायवर यूडीपी अडवलेलं असतं, आणि ब्राउझरमधला कॉल मग नाइलाजाने मधल्या सर्व्हरमार्गे टीसीपीवर जातो. चिपळूणच्या एका कार्यालयात मला हे भेटलं. समोरचा माणूस मध्येच गप्प व्हायचा आणि मग एस.टी. चुकतेय असं वाटून बोलल्यासारखा भरभर बोलून घ्यायचा. साठलेले तुकडे एकदम आले की अ‍ॅप ते पटापट वाजवून मागचा उशीर भरून काढतं, त्याचा हा आवाज. क्रोममध्ये कॉल चालू असताना दुसऱ्या टॅबमध्ये हे उघडलं:

```
chrome://webrtc-internals
```

तिथे `relayProtocol` समोर `tcp` दिसत होतं. `packetsLost` जवळपास शून्य, म्हणजे कागदोपत्री सगळं पोचलेलं. आणि `concealedSamples`, म्हणजे वेळेत न आल्याने फोनला मनाने भरावा लागलेला आवाज, तो आकडा सारखा चढत होता. घरी येऊन त्याच माणसाशी यूडीपीवर बोललो. दहा मिनिटांत साठेक पॅकेटं गळाली, आणि एकदाही ‘काय म्हणालात?’ विचारावं लागलं नाही.