तीन पानी पत्र आणि एक ‘होय’

आमच्या कॉलेजात नवीन कॉम्प्युटर लॅब होणार असं ठरलं. सीपीयू आधीच एका ग्रँटमधून आलेले, ते छोटे, डब्याएवढे मिनी पीसी, आणि मॉनिटर कॉलेजच्या पैशातून घ्यायचे, म्हणजे व्हेंडरला पत्र लिहायचं, आणि पत्र कोण लिहिणार तर लॅब कोऑर्डिनेटर, म्हणजे मी. प्राचार्य म्हणाले, मॅडम, दोन ओळींचं तर पत्र आहे, संध्याकाळपर्यंत द्या.

दोन ओळींचं पत्र काय करू शकतं ते मला जुन्या लॅबमध्ये रोज दिसतं. माझ्या आधीच्या सरांनी काढलेलं पत्र अजून फाईलला आहे. ‘विषय: मॉनिटर पुरवठ्याबाबत. आमच्या महाविद्यालयास चांगल्या प्रतीचे एलईडी मॉनिटर, एचडी, नग ३०, हवे आहेत. तरी आपले दरपत्रक पाठवावे. कळावे.’ संपलं. व्हेंडरने पाठवले साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ चे. एचडी म्हटलं होतं ना, हे एचडीच आहे मॅडम, असं तो अजूनही छातीठोक सांगतो आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नाही, बाजारात त्यालाही एचडीच म्हणतात. पण ७६८ उंचीच्या स्क्रीनवर एखाद्या सॉफ्टवेअरची सेटिंगची खिडकी उघडली की तिचं खालचं टोक टास्कबारच्या खाली जातं आणि नेमकं OK बटण तिथेच असतं. मुलांनी त्यावर तोडगा काढलाय. न दिसणाऱ्या बटणापर्यंत टॅब दाबत जायचं, मग डोळे मिटून एंटर. सीनिअर ज्युनिअरला शिकवतात, अगदी परंपरा असल्यासारखं.

म्हणून पहिली ओळ मी लिहिली: ‘रिझोल्यूशन फुल एचडी, १९२० × १०८०, यापेक्षा कमी चालणार नाही.’ ‘चालणार नाही’ हे सरकारी पत्रात शोभत नाही असं ऑफिसमधले भाऊसाहेब म्हणाले, ‘स्वीकारले जाणार नाही’ करा. केलं.

मग साईज. प्राचार्यांना सत्तावीस इंची हवे होते, नॅकवाले तपासणीला येणार, लॅब भव्य दिसली पाहिजे. मी टेप घेऊन शिपाई मामांना सोबत नेलं. आमची टेबलं सहा फुटी, म्हणजे १८३ सेंटिमीटर, एका टेबलावर तीन मुलं. सत्तावीस इंची मॉनिटर कडेसकट रुंदीला एकसष्ट सेंटिमीटरच्या आसपास जातो. तीन ठेवले की १८३. मामा म्हणाले, मॅडम, बरोबर बसतायत की! बसतायत, पण मग माऊस ठेवायला जागा नाही, वही ठेवायला नाही, आणि मुलांचे कोपर एकमेकांच्या बरगड्यांत. शिवाय रिझोल्यूशन फुल एचडीच राहणार, म्हणजे तेवढेच ठिपके मोठ्या काचेवर पसरणार, आणि दीड हात अंतरावर बसून कोड वाचणाऱ्याला अक्षरं भरड दिसणार. २३.८ इंची घेतला तर एकेक चौपन्न सेंटिमीटर, तीन ठेवून टेबलावर वीसेक सेंटिमीटर उरतात. प्राचार्यांना मी आकडे दाखवले. ते म्हणाले, बरं, पण चोवीस लिहा, ऐकायला बरं वाटतं. मी लिहिलं ‘२३.८ इंच (६०.५ सेंमी)’. कारण चोवीस लिहिलं की व्हेंडर बावीसवाल्यालाही ‘चोवीस क्लास’ म्हणेल, एवढी माझी त्याच्यावर श्रद्धा आहे.

पॅनेलच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त भांडले. ‘आयपीएस पॅनेल’ लिहिलं तर खरेदी समितीतले एक सर म्हणाले, हे कशाला, मॉनिटर म्हणजे मॉनिटर. त्यांना मी जुन्या लॅबमध्ये नेलं आणि एका मुलाच्या मागे उभं केलं. ते टीएन पॅनेल आहेत, समोर बसणाऱ्याला ठीक दिसतं, पण वरून, खालून किंवा बाजूने बघा, रंग फिरतात, काळं पांढरट होतं, पार निगेटिव्हसारखं. आयपीएसला तसं होत नाही. आणि प्रॅक्टिकल घेणारी बाई कधी समोर बसते? ती कायम वरून आणि तिरकं बघत असते, आणि बाजूला दोन-दोन मुलं वाकून तोच स्क्रीन बघत असतात. सरांनी वाकून बघितलं, मग उजवीकडून, मग डावीकडून, मग म्हणाले, अरे, हा पोरगा बराच वेळ गेम खेळत होता आणि मला कळलंच नाही. ओळ मंजूर झाली. कारण काहीही असो.

आता पोर्ट. इथे खरी मजा आहे. आमच्या मिनी पीसीला मागे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट आहे, व्हीजीए नाहीच. आणि स्वस्तातला मॉनिटर घेतला की हमखास व्हीजीए आणि एचडीएमआय असतं, पण खोक्यात केबल निघते ती कधीकधी फक्त व्हीजीएची. म्हणजे मॉनिटरला एचडीएमआय आहे, सीपीयूला एचडीएमआय आहे, आणि दोघांना जोडायला काही नाही, आणि सगळ्या केबल वेगळ्या घ्यायच्या तर वेगळं बिल, वेगळी मंजुरी. म्हणून ‘एचडीएमआय केबल, किमान १.५ मीटर, प्रत्येक नगासोबत, किमतीत समाविष्ट’. शेवटचे दोन शब्द मी बोल्ड केले.

शेजारच्या डिपार्टमेंटचं प्रकरण याहून भारी. त्यांच्या सीपीयूला फक्त एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट. व्हेंडरने आनंदाने केबल दिल्या, एका टोकाला डिस्प्लेपोर्ट, दुसऱ्याला एचडीएमआय. टोकं बसली, स्क्रीन मात्र काळे. आठवडाभर सगळे मॉनिटरला शिव्या देत होते. ती साधी केबल एकाच दिशेने चालते, डिस्प्लेपोर्ट सीपीयूच्या बाजूला आणि एचडीएमआय मॉनिटरच्या बाजूला. उलट करायचं तर आत चिप असलेला, वेगळी पॉवर लागणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो महाग असतो. हे समजेपर्यंत व्हेंडरने एक बॅच बदलून दुसरी, अगदी तशीच, आणून दिली होती. त्यामुळे माझ्या पत्रात सीपीयूच्या मागच्या बाजूचा फोटोच जोडलाय, बाण काढून. भाऊसाहेब म्हणाले, मॅडम, दरपत्रकाच्या पत्राला फोटो? म्हटलं, लावा.

आणि हे मिनी पीसी टेबलावर ठेवायचे नाहीत, मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने बसवायचे, म्हणजे टेबल मोकळं आणि चोरी अवघड. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं लागतात, १०० बाय १०० मिलिमीटरच्या चौकोनात, त्याला वेसा माउंट म्हणतात. पत्रात ‘वेसा १०० × १००’ एवढं लिहिलं की काम झालं असं वाटतं. तसं नाही! काही मॉडेलमध्ये स्टँडच त्याच चार भोकांत बसतो. म्हणजे स्टँड लावला की भोकं संपली, पीसी लावला की मॉनिटर उभा राहात नाही. कागदावर दोन्ही आहेत, एका वेळी मात्र एकच. मी डेमोला आलेल्या एका नगावर मामांकडून लावून बघितलं. मामांनी आधी स्टँड लावला, मग पीसी हातात घेऊन मॉनिटरभोवती एक प्रदक्षिणा घातली, म्हणाले, मॅडम, हा कुठे चिकटवायचा, पोटावर? त्या दिवशी ओळ वाढली: ‘मूळ स्टँड लावलेला असतानाही वेसाची चारही भोकं मोकळी असावीत.’ आणि तिच्याखाली अजून एक, एम४ स्क्रू, लांबी मॉनिटरच्या पुस्तिकेप्रमाणे, कारण लांब स्क्रू जोर लावून फिरवला की तो आतून पॅनेलला भिडतो आणि मग स्क्रीनवर जो डाग उमटतो त्याला वॉरंटीवाले ‘फिजिकल डॅमेज’ म्हणतात आणि फोन ठेवतात.

ब्राइटनेस २५० निट्स वगैरे ओळी पटकन लिहिल्या. कॉन्ट्रास्टचं मात्र सांगते. एका ब्रोशरमध्ये ५,००,००,०००:१ असं छापलं होतं. समितीतले सर खूश, केवढा मोठा आकडा! तो डायनॅमिक कॉन्ट्रास्ट असतो, स्क्रीनमागचा दिवा मंद-तेज करून मोजलेला, तो आकडा कुठेही नेता येतो. साधा, स्टॅटिक कॉन्ट्रास्ट आयपीएसला १०००:१ असला तरी आमची पोरं व्यवस्थित कोड लिहितील, म्हणजे लिहायचं मनात आलं तर.

संख्या ही सगळ्यात सोपी ओळ असेल असं मला वाटलं होतं. तीस मुलं, एक शिक्षकांचा, दोन स्पेअर, एकूण ३३. ऑफिसमधून फाईल परत आली, शेरा: ‘स्पेअर म्हणजे काय? खुलासा करावा.’ म्हटलं, एखादा बंद पडला की तो सर्व्हिसला जाऊन येईपर्यंत मुलगा काय भिंतीकडे बघणार का? खुलासा मंजूर झाला, आणि लगेच समजलं की दोन स्पेअरपैकी एक प्राचार्यांच्या केबिनला आणि दुसरा ऑफिसला जाईल, ‘तात्पुरता’. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तात्पुरत्याचा कॉलम नसतो. मी दोनाचे चार केले, नग ३५, कारण दिलं ‘भविष्यातील गरज’. या कारणावर आजवर कुणी शेरा मारलेला नाही.

वॉरंटी तीन वर्षं, आणि ‘ऑनसाइट’ हा शब्द. नाहीतर मामा रिक्षात मॉनिटर मांडीवर घेऊन सर्व्हिस सेंटरला जातात, आणि रिक्षाचं बिल पेटी कॅशमधून मंजूर होईपर्यंत मॉनिटर दुरुस्त होऊन परत आलेला असतो. बंद पिक्सेलचं पण लिहिलं, कंपन्या एक-दोन बंद पिक्सेल चालवून घेतात, म्हणून डिलिव्हरीच्या वेळी लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पाच रंग फुल स्क्रीनवर लावून प्रत्येक नग तपासणार आणि मगच सही करणार. ब्रँडचं नाव कुठेही घातलं नाही, ते घालायचं नसतं, ऑडिटवाले विचारतात.

तर असं दोन ओळींचं पत्र तीन पानी झालं. प्राचार्यांनी हातात वजन करून सही केली. शेवटी मी एक तक्ता जोडला होता, प्रत्येक ओळीसमोर रिकामा चौकोन, व्हेंडरने भरून सही-शिक्क्यासह परत द्यायचा, म्हणजे नंतर ‘मला वाटलं’ नको.

तीन सीलबंद दरपत्रकं आली. समितीसमोर फोडली. दोघांनी तक्त्यात आकडे भरले होते. तिसऱ्याचा दर सगळ्यात कमी आणि तक्ता सगळ्यात सुबक. रिझोल्यूशन: होय. पॅनेल: होय. केबलची लांबी: होय. स्टँड लावल्यावर भोकं मोकळी: होय. वॉरंटी किती वर्षं: होय. मॉडेल नंबर: होय.

समितीतले सर म्हणाले, शंभर टक्के होय आहे, शिवाय लोएस्ट, मग अडचण काय?

मी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला. म्हटलं, तुम्ही मॉडेल कोणतं देणार आहात?

“तुम्ही सांगाल ते देऊ ना मॅडम. चोवीस क्लासच हवा होता ना?”

तुलनात्मक तक्त्यात त्याच्या नावापुढे मी ‘अपात्र’ लिहिलं. सर म्हणाले, कारण पण लिहा. लिहिलं, ‘होय’.