पॅसेज काढला, पण चालायची वाट कुठे गेली?

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा नकाशा बघत बसले होते. कार्पेट एरिया ६०० चौरस फूट. हॉल संपला की साडेतीन फूट रुंद आणि १४ फूट लांब पॅसेज, दोन्ही बेडरूम आणि संडास-बाथरूमची दारं त्यातच. म्हणजे ४९ चौरस फूट जागा फक्त ये-जा करण्यासाठी. तिथे खुर्चीसुद्धा ठेवता येत नाही. मी घरांचे नकाशे काढते, त्यामुळे असा पॅसेज दिसला की मला खरंच वाईट वाटतं.

तिचा उपाय सोपा होता. पॅसेजची भिंत पाडायची, हॉल मोठा करायचा. बहुतेक लोक हेच करतात आणि इथेच फसतात. भिंत गेली तरी बेडरूमकडे जायला तीन फुटांची वाट लागणारच, आता ती हॉलमधून जाते. तिच्या नकाशावर मी दारापासून दारापर्यंत पेन्सिलीने तीन फूट रुंदीचे पट्टे रंगवले. मुख्य दार एका कोपऱ्यात, बेडरूमचं दार समोरच्या भिंतीच्या मधोमध, स्वयंपाकघर तिसरीकडे. वाटा हॉलच्या मधूनच तिरप्या गेल्या. सलग मोकळी भिंत उरली पाच फूट आणि तिचा सोफा साडेसहा फुटांचा. शिवाय संडासाचं दार थेट बसायच्या जागेसमोर. कागदावर हॉल वाढला, पण वापरायला उलट कमी झाला.

मग नव्याने सुरुवात केली ती संडास-बाथरूमपासून. ते हलवता येत नाही. त्याचे पाइप डक्टमध्ये उतरतात, स्लॅब तेवढ्याच भागात खाली घेतलेला असतो, आणि सरकवलं तर खालच्या घरातल्या एखाद्याच्या पलंगावर आपली मोरी येते. म्हणून ते जिथे आहे तिथेच ठेवलं आणि दोन्ही बेडरूमची दारं त्याच्या जवळ ओढून आणली. तिन्ही दारांच्या मध्ये चार फूट बाय चार फुटांची छोटी लॉबी झाली, चौथी बाजू हॉलकडे उघडी. चारच फूट का, तर तीन फुटांचं दार आणि दोन्हीकडे चौकटीला सहा-सहा इंच. तिन्ही दारं खोल्यांच्या आत उघडतात, लॉबीत नाही. संडासाचं दार मुद्दाम बाजूच्या भिंतीत घेतलं. समोर दिसतं ते बेडरूमचं दार, आणि तेही खोलीच्या कोपऱ्यात, म्हणजे उघडं राहिलं तरी नजर पलंगावर न पडता भिंतीवर पडते.

४९ मधले १६ गेले, ३३ चौरस फूट हाती आले. त्यातल्या साडेसातात वॉशिंग मशीनचा कोनाडा बसला. बाकीचे लहान बेडरूमला दिले आणि ९ बाय १० ची खोली साडेदहा बाय ११ झाली. ऐकायला किरकोळ वाटेल, पण आधी काय होत होतं ते बघा. पलंगाची लांबी साडेसहा फूट, पायथ्याशी दोन फूट खोल कपाट. नऊ फुटांत मध्ये उरतात सहा इंच. कपाटाचं दारच उघडणार नाही! आता तिथे दोन फूट आहेत. माणूस उभा राहतो, दीड फुटाचं दार पूर्ण उघडतं.

हॉल ११ बाय १६ चा. लॉबीचं तोंड आणि मुख्य दार दोन्ही एकाच लांब भिंतीच्या कडेला आणली, स्वयंपाकघराचं दारही त्याच भिंतीत घेतलं. आता सगळ्यांची वाट एकच, कडेने जाणारी, तीन फुटांची. उरलेली आठ फूट रुंदी सलग, आणि समोरची १६ फुटांची भिंत अखंड. सोफा, टेबल सगळं सुखाने मावतं.

एक तोटा आहे, आणि तो मी मैत्रिणीलाही स्पष्ट सांगितला. दारं जवळ आली की आवाजही जवळ येतात. म्हणून दोन बेडरूममधल्या सामायिक भिंतीला दोन्हीकडून कपाटं लावा. कपड्यांनी भरलेलं कपाट आवाज बराच अडवतं. आणि कुठलीही भिंत पाडण्याआधी ती भार घेणारी नाही ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्या. कॉलम मध्ये आला तर लॉबी फूटभर सरकवा, पण कॉलमला हात लावू नका.

काही घरांत हे जमत नाही. लांबट, अरुंद फ्लॅट, खिडक्या फक्त दोन टोकांना, मग आत जायला पॅसेज लागतोच. तिथे मी त्याच्या एका बाजूला दोन फूट खोल कपाटांची रांग घेते, आणि बेडरूममधली कपाटं तेवढी कमी करते.

नवं घर घेणाऱ्यांनी बुकिंगच्या आधी नकाशाची प्रत घ्या आणि दारापासून दारापर्यंत तीन फुटांचे पट्टे रंगवून बघा. पट्टे एकमेकांवर पडले तर घर चांगलं. हॉलभर फाटे फुटले तर दारं हलवता येतात का, ते भिंती उभ्या राहण्याआधी विचारा.