गडद की फिका?

एका साध्या प्रयोगापुढे मी सलग तीन वर्षं तोंडघशी पडलो आहे. प्रयोगात एक सिरिंज, एक दट्ट्या आणि एक तपकिरी वायू एवढंच असतं. ले शातेलिए नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी 1884 मध्ये सांगून ठेवलं आहे की समतोलात असलेल्या अभिक्रियेला छेडलं की ती त्या छेडण्याचा परिणाम कमी होईल अशा दिशेला सरकते. दिशा कोणती, हे फळ्यावर सांगायला मला दोन मिनिटं लागतात. तीच दिशा मुलांच्या डोळ्यांना दाखवायला निघालं की वर्गात फूट पडते.

सिरिंजमधला समतोल असा:

N2O4 ⇌ 2NO2

डावीकडचा रंगहीन, उजवीकडचा तपकिरी. डावीकडे एक रेणू, उजवीकडे दोन. दाब वाढवला की समतोल कमी रेणूंच्या बाजूला, म्हणजे डावीकडे सरकायला हवा, आणि डावीकडे रंगच नाही. तेव्हा भाकीत सरळ आहे: दट्ट्या दाबा, रंग फिका होईल.

पहिल्या वर्षी मी टेबलामागे उभा राहून सिरिंज आडवी धरली आणि ऐटीत दट्ट्या निम्म्यावर आणला. "बघा, फिका होतोय."

"सर, गडद झालाय."

मी पाहिलं. गडदच होता. चहा उकळत ठेवून विसरावा तसा.

मी घाईघाईने पुस्तकातलं वाक्य पुढे केलं: आधी गडद होतो, मग फिका होतो. मुलं थांबली. रंग किंचित उतरलाही, पण पहिल्यापेक्षा गडद तो गडदच राहिला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे समतोल उलटा सरकला ना?" त्या क्षणी सुटीची घंटा झाली. घंटेचे उपकार मी कधी विसरणार नाही.

घरी जाऊन वही काढली. हा उद्योग खरं तर आदल्या दिवशीच करायला हवा होता, पण जे आपल्याला येतंच त्याचा गृहपाठ कोण करतो? 25 अंशाला या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक, दाब वातावरणात मोजला तर, जवळजवळ 0.15 येतो. एकूण दाब 1 वातावरण धरला तर तपकिरी वायूचा वाटा 0.32 आणि रंगहीनाचा 0.68. 0.32 चा वर्ग करून त्याला 0.68 ने भागा, 0.15 मिळतात.

आता आकारमान निम्मं करू. रेणूंना हलायला वेळच मिळाला नाही असं समजलं तर दोन्ही दाब दुप्पट होतात: 0.64 आणि 1.36. पुन्हा तोच भागाकार केला की 0.30 येतात, म्हणजे हवे त्याच्या दुप्पट. वरचा आकडा फार मोठा झाला आहे, तो उतरलाच पाहिजे, म्हणून तपकिरी रेणू जोडीजोडीने रंगहीन होऊ लागतात. भाकीत बरोबर! हिशेब शेवटपर्यंत नेला की तपकिरी वायू 0.47 वर येऊन थांबतो.

इथे मी पेन खाली ठेवलं. 0.32 वरून 0.64, तिथून 0.47. समतोल सांगितल्याप्रमाणे डावीकडे सरकला, तरी 0.47 हा आकडा 0.32 पेक्षा मोठा. रेणूंची संख्या घटली, पण जी उरली ती निम्म्या जागेत कोंबली गेली. बाजूने पाहणाऱ्याला गर्दी दिसते, घट दिसत नाही. मुलांचं बरोबर होतं, ले शातेलिएंचंही बरोबर होतं. चुकीच्या जागी उभा होतो तो मी.

उभं राहायचं कुठे? सिरिंजच्या तोंडाकडून, लांबीच्या दिशेने पाहायचं. तसं पाहिलं की नजर पूर्ण वायूतून जाते. आकारमान निम्मं झालं की गर्दी दुप्पट होते, पण नजरेचा रस्ता निम्मा होतो. म्हणजे नुसतं कोंबण्याने त्या बाजूने रंग बदलायलाच नको. 0.64 ची निम्मी लांबी आणि 0.32 ची पूर्ण लांबी, डोळ्याला दोन्ही सारखीच. आता जर रंग उतरला, तर तो फक्त समतोल सरकल्यामुळे. हिशेबाने 0.47 ची निम्मी लांबी 0.235 पडते, म्हणजे पाव हिश्शापेक्षा थोडी जास्तच घट. एवढी डोळ्याला सहज कळते.

दुसऱ्या वर्षी मी वर्गाचे दोन गट केले, एक बाजूला, एक तोंडाकडे. मोठ्या आत्मविश्वासाने दट्ट्या दाबला.

"गडद!" बाजूचा गट ओरडला.

तोंडाकडचा गट गप्प.

"तुम्हाला काय दिसतंय रे?"

"काळं, सर."

दट्ट्याच्या टोकाला काळं रबर होतं. आतून बघणाऱ्याला पार्श्वभूमी म्हणून तेच. शिवाय हा वायू रबराला सोडत नाही, हळूहळू खातो, आणि रबर खाल्लं गेलं की सिरिंज गळते. गळती ओळखायची सोपी खूण आहे: दट्ट्या सोडला की तो मूळ खुणेवर परत यायला हवा आणि रंगही पहिल्यासारखा व्हायला हवा. माझा दट्ट्या अर्ध्या वाटेतच रुसून बसला. उरलेला वायू प्रयोगशाळेत हिंडू लागला. तो विषारी असतो, त्यामुळे मामांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला शेवटी, बहुधा मुद्दाम. तेव्हापासून वायू तयार करण्यापासून सिरिंज रिकामी करण्यापर्यंत सगळं धूर खेचणाऱ्या कपाटात. मुलं काचेबाहेर, मी हात आत घालून.

तिसऱ्या वर्षी पांढऱ्या टोकाचा दट्ट्या आणला. शेजारी तशीच दुसरी सिरिंज, तिला हात लावायचा नाही, ती फक्त तुलनेला. डोळ्याला रंगाची आठवण फार वाईट असते. मघाचा रंग कसा होता हे विचारलं की माणूस जे सिद्ध करायचं असतं तेच आठवतो.

एका मुलाने पुरावा म्हणून मोबाइलवर चित्रण केलं. चित्रणात काहीच घडलं नाही! रंग गडद झाला की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो, फिका झाला की कमी करतो. कॅमेरासुद्धा बदलाचा परिणाम कमी करण्याच्या मागे असतो हे पाहून मला क्षणभर भरून आलं. मग उजेडाची पातळी कुलूपबंद करून पुन्हा चित्रण केलं.

या वेळी बाजूचा गट "गडद" म्हणाला आणि तोंडाकडचा गट, थोडं थांबून का होईना, "फिका" म्हणाला. मग गटांनी जागा बदलल्या आणि एकमेकांची मतंही. उलटा प्रयोगही केला. दट्ट्या बाहेर ओढला, बाजूने रंग उतरला, तोंडाकडून चढला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मी हळूहळू दाबून बघू?"

बघ म्हटलं. तिने दट्ट्या अगदी सावकाश आत ढकलला. बाजूने पाहिलं तर रंग गडद होत गेला आणि थांबला. नंतर उतरलाच नाही. "आधी गडद, मग फिका" यातला "मग" आलाच नाही.

हे मात्र मला खरोखर माहीत नव्हतं. पुन्हा वही. हे रेणू जोड्या जुळवायला आणि मोडायला सेकंदाचे लक्षांशच घेतात. कोणाचाही अंगठा इतका चपळ नसतो. म्हणजे दट्ट्या सरकत असतानाच समतोल त्याच्या बरोबरीने सरकत असतो, आणि 0.64 ही अवस्था माझ्या वहीत होती, सिरिंजमध्ये कधीच नव्हती. मग झटकन दाबल्यावर जो रंग आधी जास्त गडद दिसतो आणि सेकंद-दोन सेकंदात उतरतो, तो कशाचा? उष्णतेचा. झटकन दाबलेला वायू तापतो. रंगहीन रेणू मोडायला उष्णता लागते, मोलमागे सुमारे 57 किलोज्यूल, म्हणून वायू गरम असेपर्यंत तपकिरी रेणू जास्त राहतात. सिरिंजची भिंत ती उष्णता ओढून घेते तसा रंग उतरतो. पुस्तकातल्या ज्या "मग"ला मी तीन वर्षं दाबाच्या खात्यात जमा करत होतो, तो मुख्यतः तापमानाचा निघाला. दाबाचा खरा पुरावा निवल्यानंतरच्या रंगात असतो. म्हणून आता दाबून अर्धा मिनिट थांबतो. वर्गात अर्धा मिनिट शांतता राखणं हा वेगळा प्रयोग आहे आणि त्याचं भाकीत मी करत नाही.

संहतीच्या प्रयोगातही हेच झेंगट आहे. फेरिक आणि थायोसायनेट आयन मिळून जो रक्तासारखा लाल रंग येतो, त्यात तेवढंच पाणी ओतलं की रंग उतरतो. मुलं म्हणतात, "पाणी ओतल्यावर उतरणारच की!" खरं आहे. म्हणून परीक्षानळीत वरून खाली बघायचं, खाली पांढरा कागद. पाण्याने द्रावण विरळ झालं, पण खोलीही तेवढीच वाढली. शेजारच्या नळीत लाल शाईचं द्रावण ठेवतो, त्यातही तेवढंच पाणी. शाई वरून होती तशीच दिसते. थायोसायनेटची नळी मात्र वरूनही फिकी पडते. दोन आयन आणि एक उत्पादन, तिघांची संहती निम्मी झाली की भागाकार इथेही दुप्पट होतो आणि समतोल मागे सरकतो. शाईत सरकायला काही नाही.

एका मुलाला अजून शंका होती. "सर, दाबच वाढवायचा ना? मग दट्ट्या न हलवता आत नुसती हवा भरली तर?" मी सांगितलं, दाब वाढेल, पण या दोन वायूंचे स्वतःचे दाब होते तेवढेच राहतील, भागाकार 0.15 चाच येईल, समतोल जागचा हलणार नाही. त्याला ते पटलं नाही. करून बघू म्हणाला. मी कपाटाची काच खाली ओढली.

सगळे गेल्यावर मामा टेबल पुसत होते. मी म्हटलं, "मामा, तीन वर्षांनी जमलं एकदाचं. तोंडाकडून बघायचं असतं."

मामा फडकं पिळत म्हणाले, "मी तिकडूनच बघायचो, सर. मला वाटायचं तुमचा प्रयोग दरवर्षी बरोबर येतो, मुलंच उगाच भांडतात."

टेबलावर, कपाटाच्या काचेसमोर, मी खडूने दोन पावलं काढून ठेवली होती, पुढच्या वर्षी कुठे उभं राहायचं ते आठवावं म्हणून. मामांनी तीही पुसली.