स्प्रिंग घातली म्हणजे नळी चेमटत नाही?

नळी वाकवण्याबद्दल एक सल्ला असा ऐकू येतो: "स्प्रिंग घातली की नळी चेमटतच नाही. तांबं असो वा स्टेनलेस, गुडघ्यावर धरून हवी तेवढी वाकवा. स्टील ऐकत नसेल तर गॅस टॉर्चने लाल करा. लिव्हर बेंडर म्हणजे फुकटचा खर्च."

नळी वाकते तेव्हा वाकाच्या पाठीकडची भिंत ताणून पातळ होते आणि पोटाकडची दाबली जाऊन सुरकुतते. स्प्रिंग नळीचा गोलपणा धरून ठेवते, तेवढंच तिचं काम. वाक किती लहान येणार ते तुमचा हात आणि गुडघा ठरवतो. एसीच्या अर्धा इंची नरम तांब्यावर बाहेरून स्प्रिंग चढवली, हात सरकवत थोडं थोडं वाकवलं, तर साधारण ६० मिमी त्रिज्येचा वाक स्वच्छ येतो. म्हापशाच्या एखाद्या फ्लॅटमध्ये भिंतीच्या कोपऱ्यात ३८ मिमीतच वळायचं असेल, तर मात्र पोटाला सुरकुती पडणारच. अर्धा इंची लिव्हर बेंडरचा साचा साधारण याच त्रिज्येचा असतो. त्याच्या खोबणीत नळीला बाजूंना फाकायला जागाच नसते, म्हणून तिथे तो हवा.

आणखी एक: फ्लेअर काढण्याआधी, म्हणजे नळीचं टोक फुलवण्याआधी, स्प्रिंग काढून घ्या, नाहीतर ती नळीवरच अडकते.

तांब्याचा सरळ, कडक पाईप मंद लाल करून मऊ करता येतो, हे खरं. पण उघड्या हवेत तापवला तर आतून काळी खपली धरते आणि पुढे ती फिल्टरमध्ये जाऊन बसते. एसीच्या लाइनसाठी नरम कॉइलच घ्यावी.

स्टेनलेसला टॉर्च लावणं हा या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग. साधं ३०४ स्टेनलेस साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये काही वेळ राहिलं, की त्यातलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंजापासूनचं संरक्षण तेवढ्या पट्ट्यात जातं. मालीम जेटीवरच्या ट्रॉलरची लाइन असेल तर खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. खरोखर मऊ करायला हजार अंशांच्याही वर न्यावं लागतं आणि झटकन थंड करावं लागतं. टॉर्चने नळीभर सारखं तापमान येत नाही.

म्हणून स्टेनलेस थंडच वाकवा, लिव्हर बेंडरवर, एका सलग दाबात. ते तांब्यापेक्षा जास्त मागे उसळतं. ९० अंश हवे असतील तर आधी त्याच नळीच्या तुकड्यावर वाकवा, मागे किती येते ते मोजा आणि तेवढंच पुढे न्या. ८७ वर थांबली तर ९३ पर्यंत.

मग वाकाच्या मध्यावर व्हर्नियर दोन दिशांनी लावा. १२.७ मिमीच्या नळीत १२.९ आणि १२.१ आलं, तर फरक ०.८ मिमी, म्हणजे सुमारे ६ टक्के. आतून दाब असलेल्या नळ्यांसाठी प्रक्रिया-पाइपिंगच्या नियमात ८ टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा ही नळी चालेल. १३ आणि ११.८ आलं तर ती ९ टक्क्यांच्या वर जाते. ती नळी बाजूला काढा; स्टेनलेसचा वाक उलटा सरळ करून पुन्हा वाकवू नका, कडक झालेली भिंत तडकते.