स्टेप मार्कांसाठी सरांना मेल

"सर, माझं उत्तर फक्त कॅलक्युलेशनमध्ये चुकलं, कृपया मार्क वाढवावेत." निखिलच्या मोबाईलवरचा मसुदा एवढाच. मंदारने वाचून फोन परत दिला. "यात सरांनी नेमकं बघायचं काय?"

गणित नेहमीचं. 1200 चौरस सेंटीमीटर पुठ्ठ्यात चौरस तळाचा, वरून उघडा खोका करायचा आणि घनफळ जास्तीत जास्त आणायचं. निखिलने x² + 4xh = 1200 मांडलं, त्यातून h काढला आणि V = 300x − x³/4 पर्यंत आला. पुढे डेरिव्हेटिव्ह घेताना छेदातला 4 सुटला आणि V′ = 300 − 3x² झालं. x 20 ऐवजी 10 आला, घनफळ 4000 ऐवजी 2750. दहापैकी मार्क मिळाले 2, फक्त समीकरणाचे.

"V एका चलात आणायला मार्किंग स्कीममध्ये 3 मार्क आहेत," मंदार म्हणाला. "ती पायरी तू पानामागे लिहिलीस. तपासताना पान उलटलं गेलं नसणार. तेच लिही ना."

"आणि डेरिव्हेटिव्हचे?" निखिलने विचारलं.

"ते मागूच नकोस," अंजू म्हणाली. "चूक तिथेच आहे, ती आधी स्वतः कबूल कर. नाहीतर सरांना वाटेल, याला अजून चूक कळलेलीच नाही."

खरा वाद पुढच्या एका मार्कावर झाला. निखिलने V″ = −6x ऋण येतं म्हणून x = 10 ला कमाल म्हटलं होतं. मंदारच्या मते चूक एकदाच झाली, तिची शिक्षा एकदाच व्हावी; पद्धत बरोबर आहे. अंजूला ते पटेना. "x = 20 घालून बघ, त्याच्याच V मध्ये 4000 येतात. मग 2750 कमाल कसं? सूत्र हाताशी असताना ताळा केला असता तर चूक तिथेच पकडली असती."

"ताळा प्रश्नात मागितला नव्हता. कसोटी मागितली होती, ती त्याने लावली."

"मग मागणी नको, विचारणा कर. आणि काही कॉलेजांत अख्खा पेपर पुन्हा तपासतात, मार्क कमीही होतात. नियम आधी वाच."

निखिलने नवा मसुदा टाइप केला:

"आदरणीय सर, प्रश्न 3 ब मध्ये V = 300x − x³/4 ही पायरी पान 4 च्या मागे आहे, ती तपासायची राहिली असावी. कृपया पाहावी. डेरिव्हेटिव्हमध्ये माझी चूक आहे, त्याचे मार्क मागत नाही. पुढची V″ ची कसोटी त्या चुकीच्या V′ वरून लावली आहे. तिला मार्क देता येतात का, हे आपण ठरवावं. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत."

अंजूने फोन घेऊन विषयाच्या ओळीतलं "अन्याय" खोडलं आणि तिथे विषयाचं नाव, रोल नंबर आणि "प्रश्न 3 ब" घातलं.